आखाजी कॅम्पेनचा ४० लाखांचा खर्च चार युनिटांत कसा वाटला: कामाच्या नोंदी

३ जून २०२५

कॅम्पेन संपलं, एजन्सीची सगळी बिलं आली, एकूण ४० लाख, जीएसटी वेगळा. आखाजीच्या, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या, आधीपासून मे अखेरपर्यंत चाललं. एकच ब्रँड, एकच टॅगलाइन आणि फिल्ममधे चारही गोष्टी आहेत, डाळ, मसाला, पापड आणि केळी वेफर्स. माहेरी आलेल्या लेकीसाठी स्वयंपाक चाललाय अशी गोष्ट, त्यामुळे सगळं एकाच ताटात आलंय आणि तिथंच माझं काम अडतं. आता एप्रिल-जूनच्या तिमाहीचा युनिटवार रिपोर्ट काढायचा आहे आणि हे ४० लाख कोणाच्या नावावर टाकायचे ते कुठंच लिहिलेलं नाही.

बिलं फोडली तर असं दिसतं. फिल्मचं शूट, एडिटिंग, डिझाइन मिळून ६ लाख. जळगाव-धुळे-नंदुरबारचे होर्डिंग, एसटीवरचे पॅनल, गावोगावचं वॉल पेंटिंग १४ लाख. मोबाइलवरच्या जाहिराती १२ लाख. नाशिक-पुण्याचे होर्डिंग आणि रेडिओ ८ लाख.

कंपनी बघणाऱ्या दादांचं म्हणणं, "विक्रीच्या प्रमाणात टाकून दे ना भाऊ, नेहमी तसंच करतो आपण." नेहमी म्हणजे ऑफिसचं भाडं, वीज, वॉचमन. तिथं रक्कम लहान असते म्हणून कोणी बोलत नाही. इथं बोलतील, आणि बोलायलाच पाहिजे.

५ जून

विक्रीच्या प्रमाणात काढून पाहिलं. आधार म्हणून २०२४-२५ चं पूर्ण वर्ष घेतलं. डाळ ६० कोटी, मसाला १८ कोटी, पापड ६ कोटी, वेफर्स ४ कोटी, एकूण ८८.

४० लाखांपैकी डाळीवर २७ लाख २७ हजार येतात, मसाल्यावर ८ लाख १८ हजार, पापडावर पावणेतीनच्या आसपास, वेफर्सवर १ लाख ८२ हजार.

डाळीची तिमाही आता बघा. ग्रॉस मार्जिन ९० लाख, युनिटचा स्वतःचा खर्च ७२ लाख, उरले १८. त्यातून २७ लाख काढले की डाळ युनिट सव्वानऊ लाख तोट्यात. गिरणी तीच आहे, माणसं तीच आहेत, तुरीचा भाव तोच आहे, फक्त एक्सेलच्या एका कॉलममुळे चांगलं चालणारं युनिट लाल रंगात गेलं.

कारण सरळ आहे. डाळीत रुपयाची विक्री मोठी असते पण मार्जिन ६ टक्के, मसाल्यात ३० टक्के. शंभर रुपयांची डाळ विकून सहा रुपये सुटतात आणि शंभराचा मसाला विकून तीस. विक्रीच्या प्रमाणात खर्च वाटणं म्हणजे ज्याच्या मालाची खरेदीच महाग त्याच्यावर जाहिरातीचंही ओझं टाकणं. तुरीचा भाव चढला की डाळीची विक्री फुगते, मार्जिन मात्र फुगत नाही, तरीही जाहिरातीतला डाळीचा वाटा वाढतो. भाव ठरतो मंडीत आणि ब्रँडचं बिल वाढतं डाळीचं, ह्याला वाटप म्हणता येत नाही.

६ जून

ग्रॉस मार्जिनच्या प्रमाणात काढलं. डाळ ३६० लाख, मसाला ५४० लाख, पापड २१० लाख, वेफर्स ९० लाख, एकूण १२ कोटी. वाटा येतो डाळ १२ लाख, मसाला १८, पापड ७, वेफर्स ३. डाळ तोट्यातून बाहेर, ६ लाख उरतात.

ग्रॉस मार्जिन हा आधार मला पटतो कारण ब्रँडमुळे एक पॅकेट जास्त खपलं तर युनिटच्या हातात मार्जिनच पडतं, विक्रीची पूर्ण रक्कम नाही. ज्याला जास्त सुटतं त्याने जास्त द्यावं, इतकं साधं आहे.

पण आबा (डाळीचं सगळं तेच बघतात) आकडा बघून गप्प राहिले आणि मग मला गोडाऊनमधे घेऊन गेले. तिथं ३० किलोचे कट्टे रचलेले होते, वर आपल्या कंपनीचं नाव बारीक शिक्क्यात आणि बाकी काहीच नाही. आबा म्हणाले, "कट्टा लेणारा ब्रँड दखस का भो? तो भाव दखस." व्यापारी कट्टा घेतो तो भाव, दाण्याचा साइज, पॉलिश आणि उधारीचे दिवस बघून घेतो. फिल्ममधली लेक त्याच्या व्यवहारात कुठंच येत नाही.

हे माझ्या शीटमधे नव्हतंच. डाळीचं युनिट म्हणून जे एक नाव आपण रिपोर्टमधे लिहितो त्याच्या पोटात दोन वेगळे धंदे आहेत.

९ जून

डाळीची विक्री फोडली. कट्ट्यातली ४० कोटी, मार्जिन ४ टक्के, म्हणजे १६० लाख. एक किलो आणि अर्धा किलोची ब्रँडेड पाकिटं २० कोटी, मार्जिन १० टक्के, म्हणजे २०० लाख. बेरीज ३६० जुळली.

तर पहिला नियम असा लिहिला की ज्या मालावर ब्रँड गिऱ्हाइकाला दिसतो तोच वाटपात येईल. कट्टा बाहेर. मग बाकीच्या युनिटांतही असं काही आहे का ते शोधलं, नाहीतर डाळीलाच सूट दिली असं होईल. मसाल्यात हॉटेलवाल्यांना जाणारे मोठे पॅक आहेत पण त्यावर ब्रँड ठळक आहे आणि हॉटेलवाले नावानेच मागतात, म्हणून ते आत ठेवले. पापडात आणि वेफर्समधे सुटा माल नाही.

आता वाटपाचा आधार झाला १०४० लाख. पाकीट डाळ २००, मसाला ५४०, पापड २१०, वेफर्स ९०.

१२ जून

दुसरी गोष्ट गावांची. पाकीट डाळ आपण नाशिक-पुण्यात विकतच नाही, वाहतूक परवडत नाही. मग तिथल्या होर्डिंगचा पैसा डाळीने का द्यायचा? उलट वेफर्सचा जवळपास अर्धा धंदा तिकडेच आहे.

म्हणून खर्च आधी भागाप्रमाणे वेगळा केला, मग त्या भागात विकणाऱ्या युनिटांत वाटला. होर्डिंग, भिंती सोप्या आहेत, जागा ठरलेली असते. मोबाइलच्या जाहिरातींत एजन्सीने सुरुवातीलाच खान्देशाचे आणि नाशिक-पुण्याचे ॲड सेट वेगळे बनवले होते, त्यामुळे बिलातच स्पष्ट आहे, १० लाख खान्देशात आणि २ लाख तिकडे. ॲड सेट एकत्र असते तर आपण अंदाजच करत बसलो असतो, हे पुढच्या वेळी वर्क ऑर्डरमधेच लिहून घ्यायचं. जळगाव-पुणे एसटीच्या मागचं पॅनल कुठल्या भागात धरायचं ह्यावर मार्केटिंगच्या पोराशी बरीच चर्चा झाली, शेवटी बस ज्या डेपोची त्या भागात धरली, रक्कम लहान आहे.

खान्देश: १४ अधिक १०, म्हणजे २४ लाख. इथलं मार्जिन पाकीट डाळ २००, मसाला ४००, पापड १५०, वेफर्स ५०, एकूण ८००. म्हणजे मार्जिनच्या दर रुपयामागे ३ पैसे. डाळ ६ लाख, मसाला १२, पापड साडेचार, वेफर्स दीड.

नाशिक-पुणे: ८ अधिक २, म्हणजे १० लाख. तिथलं मार्जिन मसाला १४०, पापड ६०, वेफर्स ४०, एकूण २४०. मसाला ५ लाख ८३ हजार, पापड अडीच, वेफर्स १ लाख ६७ हजार.

दोन्ही मिळून ३४ लाख वाटले गेले. शूटचे ६ लाख राहिले, ते पुढच्या बैठकीत.

शीटमधे सूत्र एकच, B1 मधे भागाचा खर्च आणि C5 ते C8 मधे त्या भागाचं मार्जिन:

```
=ROUND($B$1*C5/SUM($C$5:$C$8),0)
```

राउंडिंगमुळे एखाद-दुसरा रुपया इकडे-तिकडे होतो, तो सगळ्यात मोठ्या वाट्यावर टाकायचा असं ठरवून ठेवलंय, नाहीतर टॅलीत बेरीज जुळत नाही. आणि कोणाचं मार्जिन उणे गेलं तर C मधे शून्य लिहायचं. उणे आकडा ठेवला तर त्या युनिटचा वाटा उणे निघतो, म्हणजे बाकीच्यांकडून त्यालाच पैसे मिळाल्यासारखं होतं आणि एकूण बेरीज मात्र बरोबरच दिसते, म्हणून ते पटकन लक्षात येत नाही.

१६ जून

अण्णा (मसाला) नाराज. विक्रीच्या हिशोबाने ८ लाख १८ हजार येत होते, आता १७ लाख ८३ हजार, दुपटीपेक्षा जास्त. त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं म्हणून सविस्तर लिहितो. ते म्हणाले, "फिल्ममधे सगळे आहेत, मग मी एकट्याने अर्ध्याच्या आसपास का द्यायचं? कोणाला किती सेकंद मिळाले ते मोजा."

सेकंद मोजून पाहिले. ३० सेकंदांच्या फिल्ममधे मसाल्याचं पाकीट सगळ्यात जास्त वेळ दिसतं. पण सेकंद हा आधार मी घेणार नाही आणि त्यांना कारण सांगितलं. एकदा पैसे सेकंदाला बांधले की पुढच्या शूटला प्रत्येक युनिट स्वतःचं पाकीट कॅमेऱ्यासमोरून काढायला लावेल आणि फिल्म बिघडेल. शिवाय फिल्मच्या शेवटी फक्त ब्रँडचं नाव येतं, ते सेकंद कोणाचे? सेकंद, क्लिक, पोस्टवरचे लाइक, हे सगळं बदलता येतं आणि ज्याला वाटा कमी करायचा तोच ते बदलू शकतो. वाटपाचा आधार असा पाहिजे की ज्याला युनिटवाला वाटा कमी करण्यासाठी हात लावणार नाही. मार्जिन कमी करून कोणी जाहिरातीचा वाटा वाचवणार नाही, एक रुपयाच्या मार्जिनमागे तीन-चार पैसे वाचतात फक्त.

पण अण्णांच्या प्रश्नाचं खरं उत्तर वेगळं पाहिजे होतं, की हे त्यांना परवडतं का आणि एकत्र येण्यात त्यांचा फायदा आहे का. त्यासाठी चौघांनाही विचारलं की तुम्ही एकट्याने एवढ्याच भागात, एवढेच दिवस जाहिरात केली असती तर किती लागले असते, आणि एजन्सीच्या रेटकार्डावरून आकडा काढून घेतला. मसाला २२ लाख, पापड ९, डाळ ८, वेफर्स ५. एकूण ४४.

आता वाटे बघा. मसाला १७.८३, पापड ७, डाळ ६, वेफर्स ३.१७. प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या खर्चापेक्षा कमी आहे. विक्रीच्या पद्धतीत डाळ २७ लाख देत होती, एकट्याने ८ लाखांत झालं असतं. ह्या एका ओळीवर बैठकीत पुढची चर्चा थांबली, अण्णांनी स्वतः मान्य केलं की डाळीवर २७ टाकणं बरोबर नव्हतं. हा तपास आता प्रत्येक वाटपानंतर करायचा. एखाद्याचा वाटा त्याच्या एकट्याच्या खर्चावर गेला तर पद्धत चुकली आहे किंवा त्याला ह्या कॅम्पेनमधे घ्यायलाच नको होतं.

एकट्याचा खर्च हाच वाटपाचा आधार का नाही, असं पापडाच्या ताईंनी विचारलं. चांगला प्रश्न आहे. पण तो आकडा अंदाजाचा आहे, प्रत्येक जण तो कमीच सांगेल. तपासायला पुरतो, वाटायला नाही.

१९ जून

मार्केटिंगच्या पोराने सुचवलं की वाटप चालू तिमाहीच्या मार्जिनवर करू, ताजा आकडा म्हणजे खरा आकडा. करून पाहिलं आणि नको ठरवलं.

यंदा मे मधे अवकाळी पाऊस झाला, पापड-कुरडई वाळवायला ऊनच मिळालं नाही, ताईंचा माल कमी निघाला. समजा खान्देशातलं पापडाचं मार्जिन १५० वरून १०० वर आलं. २४ लाख आता ७५० वर वाटायचे. पापडाचा वाटा साडेचार लाखांवरून ३ लाख २० हजार होतो, कमी झालेले १ लाख ३० हजार जातात कुठं? मसाल्यावर ८० हजार, डाळीवर ४० हजार, वेफर्सवर १० हजार. म्हणजे पाऊस ताईंच्या पापडावर पडला आणि बिल अण्णांना आलं. अण्णांनी ना काही चांगलं केलं, ना वाईट. ते रिपोर्टमधे विचारतील "माझा ब्रँड खर्च का वाढला" आणि त्याचं उत्तर "शेजाऱ्याचे पापड वाळले नाहीत" असेल तर त्या रिपोर्टवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरा नियम लिहिला. आधार मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाचा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहीसकट गोठवायचा, वर्षभर बदलायचा नाही. पूर्ण वर्ष ह्यासाठी की मसाल्याचा सिझन मार्च ते मे, पापडाचा उन्हाळा, डाळ बारमाही, एका तिमाहीवर आधार धरला तर ज्याचा सिझन त्याच्यावर सगळं येतं.

ह्यात एक मर्यादा राहते. वेफर्सचं युनिट नवीन आहे, मागचं वर्ष त्यांचं लहान होतं, यंदा वाढतंय. म्हणजे गोठवलेल्या आधारावर त्यांचा वाटा थोडा कमी येतो आणि बाकीचे त्यांना थोडे सांभाळून घेतात. हे चौघांनाही बैठकीत सांगितलं, लपवून ठेवण्यासारखं काही नाही, पुढच्या एप्रिलला आधार बदलेल तेव्हा आपोआप दुरुस्त होईल.

२३ जून

शूटचे ६ लाख. दादांना काहीही शिल्लक ठेवायचं नाही, ते म्हणतात कंपनीच्या नावावर ठेवलं की कोणालाच त्याची झळ लागत नाही आणि पुढच्या वेळी मार्केटिंगवाले शूटवर जास्त उधळतील. मुद्दा खरा आहे. पण फिल्म पुढच्या वर्षीही वापरायची आहे आणि तिच्यात कंपनीचं नाव रुजवायचा भाग आहे, तो कुठल्या एका पाकिटाचा नाही.

फिल्म पुढच्या वर्षी चालणार म्हणून अर्धा खर्च पुढे ढकलू का, असंही विचारून झालं. सीए सरांनी लगेच नाही म्हटलं. जाहिरातीचा खर्च आणि ब्रँड उभा करायचा खर्च झाला त्याच वर्षी खर्चात टाकावा लागतो, स्वतः वाढवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. मालाच्या किमतीतही तो टाकता येत नाही, म्हणजे गोडाऊनमधे पडलेल्या पाकिटांवर चिकटवून पुढे नेता येत नाही. पुस्तकात पूर्ण ४० लाख ह्याच तिमाहीत.

मग ठरलं असं. ६ लाख रिपोर्टमधे "कंपनी ब्रँड" ह्या वेगळ्या ओळीत, दादांच्या नावाखाली, कारण शूटला मंजुरी त्यांनीच दिली. कोणाच्याच नावावर नाही असं काही ठेवायचं नाही. आणि ह्या ओळीला वर मर्यादा, कॅम्पेनच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त गेली तर वरचा भाग युनिटांत वाटायचा. यंदा ६ लाख म्हणजे बरोबर १५ टक्के.

२५ जून

जीएसटीचं प्रकरण निघालं जे एजन्सीच्या बिलात दिसत नाही. ४० लाखांवर १८ टक्क्यांनी ७ लाख २० हजार जीएसटी. आम्ही धरून चाललो होतो की त्याचं क्रेडिट मिळेल, म्हणजे तो आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होईल आणि खर्चात येणार नाही. सीए सर म्हणाले पूर्ण मिळणार नाही, कारण पापडावर जीएसटी नाही आणि २५ किलोवरच्या डाळीच्या कट्ट्यावरही नाही. जी जाहिरात करपात्र माल आणि करमुक्त माल दोन्हीसाठी आहे तिचं क्रेडिट सामायिक धरतात आणि नियम ४२ प्रमाणे करमुक्त उलाढालीच्या प्रमाणात परत करावं लागतं.

आपली करमुक्त उलाढाल कट्टे ४० कोटी आणि पापड ६ कोटी, म्हणजे ८८ पैकी ४६. वर्षाच्या आकड्यावर अंदाज धरला तर ७ लाख २० हजारांपैकी साधारण ३ लाख ७६ हजार परत जातात आणि तो सरळ खर्च होतो. (हिशोब महिन्याच्या उलाढालीवर होतो आणि वर्षाअखेर पक्का होतो, म्हणून आकडा थोडा हलेल.)

आता हे कोणी भरायचं? पापड जाहिरातीत आहे म्हणून क्रेडिट सामायिक झालं, पण रक्कम एवढी मोठी झाली ती कट्ट्यांच्या उलाढालीमुळे, आणि कट्ट्याची तर आम्ही जाहिरातच केली नाही. कट्टे नसते तर हिशोब ४८ पैकी ६ असा झाला असता आणि ९० हजार गेले असते. कायद्याचं प्रमाण रक्कम ठरवतं, ती आमच्यात कोणी सोसायची ते ठरवत नाही. पापडावर टाकलं तर ताईंचा वाटा दीडपट होतो, डाळीवर टाकलं तर पहिला नियमच मोडतो. म्हणून तेही कंपनीच्या ओळीत, पण शूटपासून वेगळं, १५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर.

पुढच्या वेळचं काम असं की नाशिक-पुण्यात किंवा मोबाइलवर ज्या जाहिरातीत फक्त मसाला आणि वेफर्स आहेत तिची वर्क ऑर्डर आणि बिल सुरुवातीपासून वेगळं घ्यायचं. पूर्ण करपात्र मालाची जाहिरात आहे हे कागदावर दिसलं तर तिचं क्रेडिट सामायिकमधे जात नाही. मागाहून बिल फोडून मागायचं नाही, सीए सरांना आधी दाखवायचं.

३० जून

रिपोर्टची मांडणी. आधी युनिटचं मार्जिन, त्यातून युनिटचा स्वतःचा खर्च, ह्या दोन्हीनंतर "युनिटच्या हातातला नफा" अशी ओळ. त्याखाली ब्रँडचा वाटा, मग "ब्रँडनंतर". इन्सेंटिव्ह आणि युनिट हेडचं मूल्यमापन वरच्या ओळीवर, कारण होर्डिंग कुठं लावायचं हे अण्णा किंवा आबा ठरवत नाहीत. जे त्यांच्या हातात नाही त्याचं उत्तर त्यांच्याकडे मागायचं नाही.

सगळं लाखात:

| युनिट | हातातला नफा | ब्रँडचा वाटा | ब्रँडनंतर |
|---|---|---|---|
| डाळ | १८.०० | ६.०० | १२.०० |
| मसाला | ६२.०० | १७.८३ | ४४.१७ |
| पापड | १४.०० | ७.०० | ७.०० |
| वेफर्स | २.०० | ३.१७ | –१.१७ |
| युनिटांची बेरीज | ९६.०० | ३४.०० | ६२.०० |
| कंपनी ब्रँड, शूट | | ६.०० | |
| कंपनी, परत गेलेलं क्रेडिट | | ३.७६ | |
| कंपनीचा एकूण | ९६.०० | ४३.७६ | ५२.२४ |

टॅलीत सगळी बिलं आधी "ब्रँड कॅम्पेन" ह्या एकाच कॉस्ट सेंटरला घेतली, आणि वाटप महिनाअखेर एका जर्नलने. बिल टाकतानाच टक्केवारीने फोडता येतं, पण मग वर्षभराने एखादं बिल शोधायचं म्हटलं की चार तुकडे जोडत बसावं लागतं, आणि वाटपाची टक्केवारी बदलली तर जुन्या एंट्री एकेक करून उघडाव्या लागतात.

३ जुलै

रिपोर्ट फिरला आणि अपेक्षेप्रमाणे वेफर्सवर बोट गेलं. १ लाख १७ हजार उणे. दादा म्हणाले नवीन युनिट आहे, वर्षभर वाटा माफ करू. मी म्हटलं माफ करायचा असेल तर करा पण सूत्रात नको, वेफर्सच्या नावावर ३.१७ दिसू द्या आणि कंपनीच्या ओळीतून तेवढी रक्कम "नवीन युनिटला आधार" म्हणून वेगळी दाखवा. सूत्रात सूट दिली की ती बाकी तिघांच्या वाट्यात मिसळून जाते आणि दोन वर्षांनी ती का दिली हे कोणालाच आठवत नाही. दादांनी माफीच नको म्हटलं, कारण हातातला नफा दोन लाख आहे, युनिट स्वतःच्या पायावर उभं आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. आबांच्या हाताखालच्या माणसाने हिशोब केला की पाकीट डाळ बंद करून फक्त कट्टे विकले तर डाळीचे ६ लाख वाचतात. कागदावर वाचतात खरे. पण होर्डिंगवाल्याचं बिल एक रुपयाने कमी होत नाही. खान्देशाचे २४ लाख मग ८०० ऐवजी ६०० वर वाटले जातील, रुपयामागे ३ पैशांचे ४ पैसे होतील, मसाल्याचे १२ चे १६ लाख, पापडाचे ६, वेफर्सचे २. मग पापडवाले म्हणतील आमचंही बंद करा. आणि ह्या सगळ्यात पाकीट डाळीचं वर्षाचं २०० लाखांचं मार्जिन हातचं गेलं, त्यातला पॅकिंगचा आणि वितरणाचा जो खर्च खरंच थांबेल तेवढाच वाचेल.

हे समजावून सांगितल्यावर विषय बंद झाला, तरी रिपोर्टच्या खाली दोन वाक्यं कायमची टाकली. "ब्रँडचा वाटा म्हणजे झालेला खर्च वाटलेला आहे, माल बंद केला तर तो वाचत नाही." आणि "ह्या वाट्यावरून कॅम्पेन चाललं की नाही ते कळत नाही." दुसरं वाक्य ह्यासाठी की वेफर्सचा मॅनेजर ३ लाख १७ हजार भागिले वाढलेली विक्री असं काढून जाहिरात फायद्याची ठरवत होता. वाटा आपण सूत्राने ठरवला आहे, तेवढ्याच पैशांनी तेवढीच विक्री आणली असं त्यातून निघत नाही. ते बघायचं तर जिथं जाहिरात गेली आणि जिथं गेली नाही अशा दोन सारख्या तालुक्यांची आधीची आणि नंतरची विक्री शेजारी ठेवावी लागेल. यंदा तिन्ही जिल्ह्यांत एकदम लावल्यामुळे तुलनेला तालुकाच राहिला नाही.

८ जुलै

दिवाळीच्या कॅम्पेनचं बोलणं सुरू झालंय. ह्या वेळी वर्क ऑर्डर निघायच्या आधी एका पानाचा कागद चौघांच्या सहीने होणार. त्यात ब्रँड दिसतो तो माल, भागवार खर्च, २०२४-२५ चा गोठवलेला आधार, १५ टक्क्यांची मर्यादा आणि प्रत्येकाचा एकट्याचा अंदाज. आबांनी सही करताना बऱ्हाणपूरचा मुद्दा काढला, तिथं आपली पाकीट डाळ आणि मसाला जातो पण जाहिरात कुठल्याच भागात धरलेली नाही. रावेरच्या पुढचे होर्डिंग तिकडचे लोक रोज बघतात. बऱ्हाणपूरचं मार्जिन आत्ता खान्देशातच मोजलेलं आहे, तसंच ठेवायचं असं कागदावर लिहिलं. तिथं वेगळं होर्डिंग घेतलं तर तिसरा भाग करायचा, आणि त्यात पापड-वेफर्स येणार नाहीत कारण ते तिकडे जात नाहीत.

दिवाळीतल्या तालुक्यांपैकी नंदुरबारचे दोन तालुके पहिले तीन आठवडे जाहिरातीशिवाय ठेवायचे का, ह्यावर ताईंचा होकार आहे, अण्णांचा अजून नाही. मार्केटिंगकडून त्या दोन तालुक्यांची मागच्या दोन दिवाळींची दुकानवार विक्री मागवली आहे, ती आल्यावर अण्णांसोबत बसायचं.